पाच मिनिटांचा व्हिडिओ आणि पस्तीस मिनिटांचा तास

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली दहावी १९९६ची. इतक्या वर्षांनी याच सभागृहात माईकसमोर उभी राहताना पाय थोडे लटपटत आहेत, कारण पहिल्या रांगेत बाई बसल्या आहेत आणि त्यांच्या हातात आजही पेन आहे. मी शिक्षिका नाही. इंजिनिअर झाले, वीस-बावीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये आहे, ठाण्याला राहते. शिकवण्याबद्दल बोलायचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करते. तरी आयोजकांनी हा विषय दिला, त्याला कारण आहे. आपल्या बॅचने शाळेला देणगी द्यायची ठरवली आहे आणि तिच्यातून विज्ञान-गणिताचे पन्नास व्हिडिओ तयार करायचे, मुलांनी ते घरी पाहायचे आणि वर्गात पुढचे काम करायचे, अशी कल्पना पुढे आली आहे. व्हिडिओ म्हटल्यावर ‘ती सॉफ्टवेअरवाली आहे ना, तिला विचारा’ असे झाले.

मी हे काम एकदा केले आहे. कल्याणच्या एका शाळेत, नववीच्या विज्ञानाला, तिथल्या एका बाईंबरोबर. पहिल्यांदा सपशेल फसले आणि दुसऱ्यांदा बऱ्यापैकी जमले. आज फक्त त्या एका तासाबद्दल बोलणार आहे.

याला ‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणतात, उलटा वर्ग म्हणा हवे तर. नेहमी बाई वर्गात समजावतात आणि आपण घरी उदाहरणे सोडवतो. इथे समजावण्याचा पहिला भाग मूल घरी पाहते आणि उदाहरणांशी झटापट वर्गात, बाईंच्या समोर होते. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या वुडलँड पार्क नावाच्या छोट्या गावात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक २००७च्या सुमारास आपले तास रेकॉर्ड करू लागले. खेळाच्या सामन्यांसाठी मुलांना लांबच्या गावांना जावे लागे आणि त्यांचे तास बुडत. पण मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९०च्या दशकातच विद्यार्थ्यांना आधी वाचून यायला सांगत आणि वर्गात फक्त प्रश्न विचारत. आणि खरे सांगायचे तर ‘उद्याचा धडा वाचून या’ हे आपल्याही बाई रोज सांगायच्या. आपण वाचत नव्हतो, कारण ठाऊक असायचे की उद्या बाई तो धडा पहिल्यापासून शिकवणारच आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला प्रयत्न कसा फसला ते आधी सांगते. धडा गतीचा होता आणि त्यात अंतर-काल आलेख. मी उत्साहात बावीस मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यात अंतर आले, विस्थापन आले, चाल, वेग, आलेख, सूत्रे, सगळे आले. बाईंनी तो आदल्या संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. निळ्या टिका आल्या आणि आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, ‘पाहिला का?’ सगळ्यांनी मान हलवली. बाईंनी पहिला प्रश्न घातला आणि वर्ग गप्प. मग बाईंना राहवेना. त्यांनी खडू घेतला आणि सगळे पहिल्यापासून शिकवले. तास संपला. ज्या मुलांनी खरोखर व्हिडिओ पाहिला होता, ती त्या दिवशी एकच गोष्ट शिकली, की पाहिला नाही तरी चालते.

निळी टिक म्हणजे पालकाने संदेश उघडला, एवढेच. मुलाने व्हिडिओ पाहिला का हे तिच्यावरून कळत नाही, आणि त्याला तो समजला का हे तर मुळीच नाही. आमच्या धंद्यात आम्ही रोज असे आकडे मोजतो, तरी मी फसले.

नंतर आम्ही काही मुलांशी बोललो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने सांगितले, ‘घरात एकच मोठा फोन आहे, तो पप्पांचा. पप्पा रात्री साडेदहाच्या पुढे येतात. तोपर्यंत मी झोपते.’ डोंबिवली-कल्याणमध्ये वाढलेल्या आपल्यापैकी कोणाला हे समजावून सांगायला नको. फोनसुद्धा सकाळच्या लोकलने मुंबईला जातो आणि रात्रीच्या लोकलने परत येतो. आम्ही व्हिडिओ संध्याकाळी सहाला टाकला, तेव्हा फोन घरात नव्हताच.

आता दुसरा प्रयत्न. या वेळी आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. व्हिडिओत काय घालायचे हा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवला. पहिला प्रश्न असा, की पस्तीस मिनिटांच्या तासात मुले नेमके काय करणार, जे त्यांना घरी एकट्याने जमणार नाही? ते ठरल्यावर दुसरा प्रश्न, की ते काम सुरू करायला त्यांना कमीत कमी काय माहीत हवे? तेवढेच व्हिडिओत घालायचे आणि बाकी सगळे काढून टाकायचे.

इथे पवईच्या आयआयटीची मदत झाली. तिथे शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. प्रा. सहाना मूर्ती, प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या महाविद्यालयीन शिक्षकांना हे नियोजन शिकवले आहे. त्यांच्या पद्धतीत व्हिडिओ हे भाषण नसते, संवाद असतो. मध्येच एका ठिकाणी शिक्षक सांगतो की आता थांबव, हे वहीत कर, मग पुढे जा. या जागेला ते ‘रिफ्लेक्शन स्पॉट’ म्हणतात. आम्ही तिला ‘थांबा’ म्हटले, लोकलच्या थांब्यासारखा. आणि वर्गाबाहेरच्या व्हिडिओला जोडून एक छोटी तपासणी असलीच पाहिजे, ही गोष्टही तिथूनच घेतली.

वर्गातले काम ठरवायला आम्हाला मुलांच्या चुका आधी माहीत हव्या होत्या. बाईंना त्या पाठ होत्या. अंतर-काल आलेख दाखवला की निम्मा वर्ग त्याला चित्र समजतो. रेषा वर गेली की गाडी घाट चढते आहे, रेषा आडवी झाली की सपाट रुळावरून चालली आहे आणि रेषा खाली आली की घाट उतरते आहे. ही चूक जगभरची मुले करतात आणि भौतिकशास्त्राच्या अध्यापनावर संशोधन करणाऱ्यांनी ती नोंदवून ठेवली आहे. पण मराठीत तिला आणखी खतपाणी मिळते, कारण रेषेच्या कलाला आपण शब्दच ‘चढ’ असा वापरतो. कसाऱ्याचा चढही तोच आणि रेषेचा चढही तोच. बाई म्हणाल्या, ‘ही चूक मी सांगून जात नाही. मी सांगते, मुले लिहून घेतात आणि परीक्षेत पुन्हा घाट चढतात.’ म्हणजे वर्गातला वेळ खर्च करायची जागा हीच होती.

मग व्हिडिओ केला साडेपाच मिनिटांचा. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्हिडिओंवर २०१४ साली फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणारे साधारण सहा मिनिटांच्या पुढे फारसे टिकत नव्हते. ते मोठ्या वयाचे, स्वतःहून आलेले विद्यार्थी होते. आपली नववीतली मुले तर घरच्या टीव्हीसमोर बसून पाहणार. मजकूर मी आधी लिहून काढला आणि मोठ्याने वाचला. आठ मिनिटे झाली. अडीच मिनिटांचे काय काढायचे यावर बाई आणि मी एक तास भांडलो. सूत्र काढले, विस्थापन काढले आणि ‘गती ही आपल्या जीवनात सर्वत्र आहे’ ही प्रस्तावना तर पहिल्यांदा काढली.

आवाज बाईंचा ठेवला. माझा आवाज जास्त स्पष्ट येत होता, पण मुले बाईंच्या आवाजाला उत्तर देतात. चित्रीकरण म्हणाल तर एक स्टूल, दोन जाड पुस्तके, त्यांच्यावर फोन खाली तोंड करून आणि खाली आलेख कागद. बाईंचा हात रेषा काढताना दिसतो, बाकी काही नाही. पंखा मात्र बंद करावा लागतो, नाहीतर कागद हलतो आणि आवाजात घरघर येते. नंतर फाइल बारीक केली. चित्राला सेकंदाला ३०० किलोबिट आणि आवाजाला ६४ किलोबिट दिले की साडेपाच मिनिटांचे सुमारे १५ एमबी होतात. फोनमधून सरळ निघालेली फाइल याच्या कितीतरी पट मोठी होती. ती उघडायलाच स्वस्त फोनला जड जात असे.

व्हिडिओत एकच कल्पित गाडी आहे. डोंबिवलीहून ७.०० वाजता सुटते. ७.०८ला दिव्याला, म्हणजे ढोबळमानाने ६ किलोमीटरवर पोचते. तिथे सिग्नल लागतो, २ मिनिटे थांबते. ७.१०ला निघून ७.२०ला ठाण्याला, १५ किलोमीटरवर पोचते. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर डोंबिवलीपासूनचे अंतर. बाई पहिले तीन बिंदू मांडतात आणि डोंबिवली ते दिवा एवढीच रेषा काढतात. इथे दुसऱ्या मिनिटाला पहिला ‘थांबा’ येतो: ‘व्हिडिओ थांबव. ७.०८ ते ७.१० या दोन मिनिटांत गाडी हलली नाही. मग रेषा कशी जाईल? वहीत काढ आणि मग पुढे बघ.’ मूल रेषा काढते, पुढे बाई काढतात, आणि आपली रेषा बरोबर होती का ते त्याला लगेच कळते. दुसरा ‘थांबा’ चौथ्या मिनिटाला आहे: पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यांपैकी गाडी कुठे जास्त जोरात होती? ६ किलोमीटरला ८ मिनिटे म्हणजे ताशी ४५ आणि ९ किलोमीटरला १० मिनिटे म्हणजे ताशी ५४. शेवटचा तुकडा जरासा जास्त उभा दिसतो. एवढाच व्हिडिओ. घाटाचा उल्लेख त्यात मुद्दामच नाही, ती चूक वर्गात बाहेर यायला हवी होती.

व्हिडिओबरोबर एक चिठ्ठी. पाव कागद, त्यावर तीन प्रश्न. ७.०८ ते ७.१० मध्ये गाडीने किती अंतर कापले? कोणत्या भागात वेग जास्त आणि तू ते कशावरून ओळखलेस? आणि तिसरा, न कळलेली किंवा विचाराविशी वाटणारी एक गोष्ट लिही. गुण नाहीत, पण चिठ्ठीशिवाय वर्गात बसायचे नाही. तिसऱ्या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर चालणार नाही, असे बाईंनी सांगितले होते. सगळ्यात उपयोगी तोच प्रश्न ठरला.

फोनच्या अडचणीवर तीन गोष्टी केल्या. व्हिडिओ शुक्रवारी सकाळी टाकला आणि तास मंगळवारी ठेवला. मधे शनिवार-रविवार आला, म्हणजे वडिलांचा फोन निदान एक दिवस घरात. दुसरे, सोमवारच्या मोठ्या सुट्टीत संगणक कक्षात तोच व्हिडिओ पेन ड्राइव्हवरून दाखवला. ज्याला यायचे त्याने यावे, कारण विचारायचे नाही. त्या मुलीबरोबर आणखी आठ-नऊ जण आले आणि त्यांतल्या काहींच्या घरी फोन होता, हे नंतर कळले. त्यांना एकत्र बसून पाहायचे होते. तिसरे, तोच आलेख आणि तीच माहिती एका छापील पानावर, ज्यांना पाहणे जमलेच नाही त्यांच्यासाठी.

आता मंगळवारचा तास. आदल्या तासाला बाई मोकळ्या होत्या. त्यांनी चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे केले: बरोबर, चूक आणि गोंधळलेले. याला बारा मिनिटे लागली, मी घड्याळ लावले होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांचे बरोबर होते. दुसऱ्यात ‘रेषा लांब आहे म्हणून वेग जास्त’ असे बऱ्याच जणांनी लिहिले होते. शेवटचा तुकडा उभाही होता आणि लांबही, त्यामुळे चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर येत होते. ही आमच्या उदाहरणातली चूक होती आणि चिठ्ठी नसती तर ती कधीच कळली नसती. पुढच्या वेळी आम्ही जलद तुकडा आखूड घेतला.

तासाची पहिली ३ मिनिटे चिठ्ठ्यांतल्या दोन शंकांना दिली. मग बाईंनी फळ्यावर एक आलेख काढला. रेषा वर जाते, मग आडवी, मग खाली येते. आडव्या भागात गाडी काय करते आहे? एक, सपाट रुळावर एकसारख्या वेगाने चालली आहे. दोन, उभी आहे. तीन, घाटमाथ्यावर आहे. चार, वळण घेते आहे. उत्तर बोटांनी द्यायचे, हात छातीशी धरून, म्हणजे शेजाऱ्याचे दिसत नाही. पन्नास मुलांत दोन बोटे दाखवणारे निम्म्याच्या आसपास होते.

आता बाईंची परीक्षा होती. उत्तर सांगायचे नाही. माझूरची रीत अशी, की साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तर मुलांनी वेगळे उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवायचे आणि पुन्हा मत द्यायचे. फारच कमी बरोबर असतील तर पटवणार कोण, तेव्हा शिक्षकाने समजावायचे. जवळपास सगळे बरोबर असतील तर पुढे जायचे. वर्गात कलकलाट झाला. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता, ‘अरे, घड्याळ पुढे जातंय ना? आणि किलोमीटर तेवढेच आहेत. मग गाडी कुठे गेली?’ हे वाक्य व्हिडिओत नव्हते आणि बाईंनीही कधी वापरले नव्हते. दुसऱ्या मतदानात पाच-सहा हात सोडले तर सगळ्यांची दोन बोटे. मग बाईंनी विचारले, खाली येणारी रेषा म्हणजे काय? मागून उत्तर आले, ‘गाडी परत डोंबिवलीला येतेय!’ या सगळ्याला ७ मिनिटे ठरवली होती, ९ लागली.

मग मुख्य काम, चार-चारच्या गटात आलेख कागदावर. एक धीमी लोकल, एक जलद. धीमी डोंबिवलीहून ७.०० वाजता सुटते, ७.०९ला दिव्याला ६ किलोमीटरवर पोचते, १ मिनिट थांबते. ७.१३ला मुंब्र्याला, ८ किलोमीटरवर, तिथे २ मिनिटे थांबते. ७.१५ला निघून ७.२५ला ठाण्याला. जलद गाडी ७.०६ला डोंबिवलीहून सुटते आणि न थांबता ७.२१ला ठाण्याला. आडवे १ सेंटिमीटर म्हणजे २ मिनिटे आणि उभे १ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. प्रश्न एकच: जलद गाडीने धीमीला कुठे आणि किती वाजता मागे टाकले? गणित न करता, आलेख वाचून सांगा.

पहिला हात वर झाला तो ‘कोपर आणि कळवा कुठे गेले?’ हे विचारायला. डोंबिवलीच्या जवळपासची मुले, वेळापत्रक त्यांच्या रक्तात. गणित सुटसुटीत व्हावे म्हणून गाळले, असे बाईंनी कबूल केले आणि ज्यांचे आधी होईल त्यांनी ते घालून पाहावे, असे सांगितले.

जलद गाडी १५ मिनिटांत १५ किलोमीटर जाते, मिनिटाला एक. तिची रेषा सरळ. ती धीमीच्या रेषेला ७.१४ला, ८ किलोमीटरवर छेदते, म्हणजे नेमकी मुंब्र्याच्या आडव्या तुकड्यावर. धीमी मुंब्र्याला उभी असताना जलद बाजूने निघून जाते. हे दृश्य प्रत्येक मुलाने डब्याच्या दारातून पाहिलेले आहे. एका गटाने विचारले, ‘रेषा छेदल्या म्हणजे गाड्या आपटल्या का?’ मला वाटते त्या तासातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तो होता. आलेख चित्र असता तर आपटल्या असत्या. आलेख फक्त एवढेच सांगतो, की त्या क्षणी दोन्ही गाड्या डोंबिवलीपासून सारख्याच अंतरावर आहेत. रूळ एक की दोन हे त्याला ठाऊक नाही.

इथे बाईंनी दोन मिनिटांत एक गोष्ट सांगितली. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांचे जे तक्ते असतात ते असेच असतात, एका बाजूला वेळ, एका बाजूला स्टेशने आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेषा. एकेरी मार्गावर दोन रेषा कुठे छेदू द्यायच्या हे आधी ठरवावे लागते आणि ती जागा अशा स्टेशनातच ठेवावी लागते जिथे एका गाडीला बाजूच्या रुळावर घेता येईल. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. तेव्हापासून आपल्या गावांचे आयुष्य या तिरक्या रेषांवर चालले आहे.

शेवटी ३ मिनिटे निरोपाची चिठ्ठी: एक नवा आलेख, त्यातल्या आडव्या रेषेचा अर्थ एका वाक्यात. घाटवाले चार उरले होते. त्या चौघांना बाईंनी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बोलावले. एरवी ते चार कोण हे परीक्षेपर्यंत कळले नसते.

आणि न पाहता आलेली मुले? सहा होती. हा सगळ्यात अवघड क्षण असतो, कारण हात आपोआप खडूकडे जातो. बाईंनी खडू घेतला नाही. त्या सहा जणांना मागच्या बाकावर छापील पान दिले, ते वाचून चिठ्ठी भरा आणि मग गटात या. बोटांचे मतदान त्यांचे हुकले आणि ते नुकसान खरेच आहे, ते भरून निघाले नाही. पण बाकीच्या चव्वेचाळीस जणांचा तास वाचला. पुढच्या वेळी न पाहता आलेले दोनच होते.

मर्यादाही सांगते. या एका तासाला आम्हा दोघींचे मिळून साधारण नऊ तास गेले. त्यांतले व्हिडिओचे तीन, बाकी सगळे वर्गातल्या कामाचे आणि चिठ्ठीचे. पुढच्या वर्षी तोच तास घ्यायला दीड तास पुरला. प्रत्येक धडा असा करता येत नाही आणि करूही नये. सगळ्या विषयांच्या शिक्षकांनी रोज पाच-पाच मिनिटे दिली तर मुलाच्या संध्याकाळी काय उरेल? पंधरा दिवसांतून एक तास, आणि तोही असा विषय जिथे मुलांची चूक सांगून जात नाही, एवढे पुरे. जिथे वाचून भागते तिथे पाठ्यपुस्तकाचे एक पान द्यावे. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, दीक्षा ॲपवर तयार साहित्य आहे. तयार व्हिडिओ चांगला असेल तर नवा कशाला करायचा? फक्त तो आधी स्वतः पूर्ण पाहावा आणि ‘थांबे’ कुठे घ्यायचे ते चिठ्ठीवर लिहून द्यावे.

म्हणून मित्रमंडळींनो, आपल्या देणगीबद्दल माझे म्हणणे असे. पन्नास व्हिडिओ नकोत. पन्नास व्हिडिओ केले तर एका वर्षात त्यांना धूळ लागेल, कारण त्यांच्यापुढचा तास कोणी आखलेला नसेल. शाळेतल्या बाई आणि सर बसून ज्या चुका दरवर्षी सांगूनही जात नाहीत त्यांची यादी करतील. त्यांतले पहिल्या वर्षी पाच तास घेऊ. आपल्यापैकी प्रत्येक तासाला एक जण त्या शिक्षकांबरोबर बसेल: कागद कापायला, फाइल बारीक करायला, चिठ्ठ्या छापायला आणि पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसून घड्याळ लावायला. पैसे लागतील ते आलेख कागदांना, छपाईला, संगणक कक्षासाठी एका चांगल्या स्पीकरला आणि आपल्या घरात पडून असलेल्या चालू स्थितीतल्या सहा-सात फोनच्या नव्या बॅटऱ्यांना. ते फोन शाळेतच राहतील, मोठ्या सुट्टीसाठी.

सोमवारच्या मोठ्या सुट्टीत ती खोली उघडी ठेवायला मात्र माणूस लागेल, दर पंधरवड्याला, वर्षभर. आपल्यापैकी जे अजून डोंबिवली-कल्याणला राहतात त्यांना मी आज जेवणाच्या वेळी वही घेऊन भेटणार आहे. पहिले नाव माझे लिहिले आहे. ठाण्याहून धीम्या लोकलने येईन.

बाई, मी ठरलेल्या वेळेपेक्षा चार मिनिटे जास्त घेतली. तुम्ही घड्याळ पाहिलेत, मला दिसले.